‘बरा आहे’ला किती स्टार?

मिक्सर घरी येऊन अकरा दिवस झाले होते. संध्याकाळी फोनवर निरोप आला, ‘तुमची खरेदी कशी वाटली? रेटिंग द्या.’ खाली पाच रिकामे स्टार. माझा अंगठा आपोआप तिसऱ्यावर गेला आणि तिथेच अडखळला. तीन दिले तर फारच कमी दिसतील का? तसा काही वाईट नाहीये तो. मग चार द्यावेत? पण चार देण्याइतकं तरी त्यात काय आहे? तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, मी फोन ओट्यावर उपडा ठेवला आणि रेटिंग राहून गेलं.

त्याच दिवशी सकाळी जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या होत्या. ‘काय गं, कसा आहे नवा मिक्सर?’ त्यांनी विचारलं होतं. तेव्हा मात्र मी जराही अडखळले नव्हते. ‘बरा आहे काकू. कूट, चटणी, वाटण एकदम मस्त होतं. इडलीचं पीठ वाटायला घेतलं की तापतो, दोनदा थांबावं लागतं. आणि आवाज तर विचारूच नका.’ काकूंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, ‘मग आम्हाला चालेल. आम्ही दोघंच, इडल्या कुठे रोज करतो?’

अर्ध्या मिनिटात काकूंना हवं ते सगळं मिळालं. फोनला मात्र माझ्याकडून काहीच मिळालं नाही. रात्री सहज त्या मिक्सरचं पान उघडून पाहिलं. स्टारनिहाय पट्ट्या होत्या. पाच स्टारची पट्टी लांबलचक, चारची त्याहून बरीच आखूड, तीन आणि दोनच्या म्हणजे नुसत्या रेघा आणि एक स्टारची पट्टी पुन्हा थोडी फुगलेली. म्हणजे हा मिक्सर एक तर देवासारखा पावलाय, नाही तर त्यानं घात केलाय. ‘बरा आहे’ म्हणणारं त्या पानावर जवळजवळ कुणीच नव्हतं. ती माणसं गेली कुठे, याचं उत्तर माझ्या ओट्यावर उपड्या पडलेल्या फोनमध्ये होतं.

उताराचा आकार

कुठल्याही मोठ्या विक्रीस्थळावर हजारो वस्तूंच्या स्टारची वाटणी एकत्र काढली, तर बहुतेक वेळा एकच आकृती दिसते. डावीकडे एक स्टारपाशी छोटा उंचवटा, मध्ये खोलगट भाग आणि उजवीकडे पाच स्टारपाशी उंच खांब. इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी दिसते म्हणून संशोधक तिला ‘जे’ आकाराची वाटणी म्हणतात. नान हू, पॉल पावलू आणि जेनिफर झांग या तिघांनी २००९ साली ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात याच आकारावर लेख लिहिला. तो आजही या विषयातला पायाचा लेख मानला जातो.

त्यांच्या कामातला एक प्रयोग अगदी साधा आहे. त्यांनी गाण्यांची एक सीडी घेतली. विक्रीस्थळावर तिला मिळालेले स्टार त्या ‘जे’ आकारातच होते. मग तीच सीडी त्यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला ऐकवली आणि प्रत्येकाकडून रेटिंग घेतलं. ज्याला मनापासून वाटेल त्यानंच द्यावं, अशी सोय इथे नव्हती. या वेळी आकृती पार बदलली. मधोमध टेकडी आणि दोन्ही बाजूंना उतार. सीडी तीच, गाणी तीच. फरक एवढाच की एका ठिकाणी ज्यांना बोलावंसं वाटलं तेवढेच बोलले आणि दुसऱ्या ठिकाणी सगळ्यांना बोलायला लावलं.

यातून त्यांनी दोन कारणं काढली. पहिलं म्हणजे खरेदीची गाळणी. जी वस्तू आपल्याला आवडणार नाही असं वाटतं, ती आपण मुळात घेतच नाही. पैसे मोजणारे बहुतेक जण आधीच थोडेफार अनुकूल असतात, त्यामुळे सगळी टेकडीच उजवीकडे सरकते. दुसरं कारण गप्प बसण्याचं. घेणाऱ्यांपैकी फार थोडे बोलतात आणि बोलतात ते बहुधा फार खूश झालेले किंवा फार चिडलेले. मधली खोलगट जागा तयार होते ती या दुसऱ्या कारणामुळे.

हजार मिक्सरचा हिशेब

हे नीट कळण्यासाठी एक हिशेब करून पाहू. आकडे मी मानलेले आहेत, पण त्यांची चाल खरी आहे.

समजा, एका मध्यम प्रतीच्या मिक्सरचे हजार नग विकले गेले. घेणाऱ्या प्रत्येकाला समोर बसवून विचारलं असतं, तर ६० जणांनी एक स्टार दिला असता, १४० जणांनी दोन, ४०० जणांनी तीन, २८० जणांनी चार आणि १२० जणांनी पाच. सरासरी येते ३.२६. म्हणजे थोडक्यात ‘बरा आहे’, आणि सगळ्यात मोठा गट तीनवाल्यांचाच.

आता कुणालाही समोर बसवायचं नाही. फोनवर निरोप जाईल, वाटलं तर उत्तर येईल. ज्यांचा मिक्सर आठवड्यात जळला ते संतापलेले आहेत, त्यांच्यातला चौघांतला एक तरी लिहिणार. ज्यांना तो फार आवडला त्यांच्यातले पाचांतला एक लिहील. दोन आणि चारवाल्यांमधले शंभरातले पाच. आणि तीनवाल्यांमधले? शंभरातले दोन. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, असं त्यांनाच वाटतं.

पानावर मग किती रेटिंग जमतात ते पाहा. एक स्टारची १५, दोनची ७, तीनची ८, चारची १४ आणि पाचची २४. एकूण ६८. प्रत्यक्षात तीनवाले शंभरात चाळीस होते, पानावर ते शंभरात बारा उरले. एक स्टारवाले शंभरात सहा होते, ते बावीस झाले. पाचवाले बारांचे पस्तीस झाले.

गंमत म्हणजे या ६८ रेटिंगची सरासरी ३.३७ येते, खऱ्या ३.२६ च्या अगदी जवळ. दोन्ही टोकं जवळपास सारखीच ओढत असल्यामुळे सरासरी योगायोगानं जागेवर राहिली. पण तिचा अर्थ बदलला. मूळ ३.२६ म्हणजे ‘बहुतेकांना बरा वाटला’. पानावरचं ३.३७ म्हणजे ‘काहींना फार आवडला, काहींना अजिबात नाही’. दुसरा अर्थ वाचून गिऱ्हाईक घाबरतं, कारण त्याला वाटतं हा जुगार आहे. पहिला अर्थ कळला असता तर काकूंसारखं त्यानंही विचारलं असतं, की माझ्या घरात इडलीचं पीठ किती वेळा वाटतात?

प्रत्यक्षात दोन्ही टोकं क्वचितच सारखी ओढतात. मिक्सरच्या खोक्यात आता बरेचदा एक रंगीत कार्ड निघतं. ‘पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा, शंभर रुपये कॅशबॅक मिळवा.’ समजा, एरवी गप्प बसणाऱ्या ४० जणांनी ते कार्ड मनावर घेतलं आणि त्यातले बहुतेक ‘बरा आहे’ गटातलेच होते. पाच स्टारची रेटिंग २४ वरून ६४ झाली, एकूण रेटिंग १०८ आणि सरासरी ३.९७. पानावर ते ४.० असं झळकणार. मिक्सरचं पातं बदललं नाही, मोटर बदलली नाही. बदललं ते खोक्यातलं एक कार्ड. आणि आता आकृती अगदी पाठ्यपुस्तकातल्या ‘जे’सारखी झाली.

असं कार्ड ही विक्रेत्याची हुशारी नव्हे, फसवणूक आहे. भारतीय मानक ब्यूरोनं ऑनलाइन ग्राहक अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं, ते अशाच प्रकारांना आळा बसावा म्हणून. अभिप्राय कसे गोळा करायचे, कसे तपासायचे आणि कसे छापायचे याची तत्त्वं त्यात आहेत. मात्र नोव्हेंबर २०२२ मध्ये ते लागू झालं तेव्हा ऐच्छिक ठेवलं होतं. त्यामुळे कार्ड आलं की ते कचऱ्यात टाकणं, ही तूर्त आपल्याच हातातली गोष्ट.

मधली माणसं गप्प का राहतात?

रेटिंग द्यायला कष्ट पडतात. थोडे का होईना, पडतातच. अ‍ॅप उघडा, खरेदी शोधा, स्टार दाबा, दोन ओळी लिहा. एवढे कष्ट घ्यायला आत काहीतरी उसळावं लागतं. राग उसळतो, कारण पैसे गेले आणि कुणाला तरी सुनावायचं आहे. आनंदही उसळतो, कारण चांगली वस्तू शोधून काढल्याची फुशारकी मारायची असते. ‘बरा आहे’ ही भावनाच नाही, ती नुसती नोंद आहे, आणि नोंदीसाठी कुणी कुकर सोडून येत नाही.

याला पुरावा आहे. ओडेड नेत्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २५ संकेतस्थळांवरचे २८ कोटींच्या आसपास अभिप्राय तपासले. टोकांकडे झुकाव बहुतेक ठिकाणी होता, पण सगळीकडे सारखा नव्हता. जी माणसं वारंवार अभिप्राय लिहितात, त्यांचे स्टार टोकाला कमी जातात. कारण सरळ आहे. जो प्रत्येक खरेदीनंतर लिहितो तो भावना उसळण्याची वाट पाहत नाही, त्यामुळे त्याच्या लिखाणात ‘बरा आहे’लाही जागा मिळते. वर्षातून एकदाच लिहिणारा मात्र नेमका त्या एका दिवशी लिहितो, ज्या दिवशी मिक्सरमधून धूर निघालेला असतो.

दुसरी गोष्ट मनातल्या मापाची. आपल्या पिढीनं ‘तीन’ म्हणजे काय ते शाळेत शिकून घेतलंय. शंभरात पस्तीस म्हणजे पास, साठ म्हणजे फर्स्ट क्लास. त्या हिशेबानं पाचात तीन म्हणजे फर्स्ट क्लास, आणि तो काही कमी नव्हे! पण स्टारच्या पट्टीत शून्य नसतं. ती एकपासून सुरू होते, त्यामुळे तीन हा बरोबर मध्यबिंदू आहे, एक आणि पाच यांच्या अर्ध्यावर. त्यात भर म्हणजे आजूबाजूला सगळे चार आणि पाचच वाटत असतात, त्यामुळे तीन डोळ्यांना नापास दिसतो. तीन दिले की विक्रेत्याचा फोनही येतो, ‘मॅडम, काही प्रॉब्लेम झाला का?’ एकदा असा फोन आला की पुढच्या वेळी माणूस एक तर पाच देतो, नाही तर देतच नाही.

ही महागाई एकदा सुरू झाली की स्वतःच वाढत जाते. २००९ साली यूट्यूबनंच जाहीर केलं की तिथल्या व्हिडिओंना मिळणारी बहुतेक सगळी रेटिंग पाच स्टारची असतात. पुढच्या वर्षी त्यांनी स्टार काढून अंगठा वर आणि अंगठा खाली आणले. लोक ती पाच घरांची पट्टी दोनच घरांसारखी वापरत होते, म्हणून त्यांनी दोनच घरं ठेवली. नेटफ्लिक्सनंही २०१७ मध्ये स्टार सोडून अंगठे घेतले. मुक्कामाच्या जागा भाड्यानं देणाऱ्या एअरबीएनबीचा अभ्यास बोस्टनच्या संशोधकांनी केला, तेव्हा जवळपास ९५ टक्के जागांची सरासरी साडेचार किंवा पाच स्टार निघाली. यजमानाच्या घरात राहून, त्याच्या हातचा चहा पिऊन तीन स्टार देणं जड जातं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

मग मिक्सरला किती?

आता पुन्हा माझ्या ओट्यावर येऊ. मध्यम वस्तूला न्यायानं रेटिंग द्यायचं तर स्टार दाबण्याआधी चार गोष्टी ठरवाव्या लागतात. मी त्या कशा ठरवल्या ते सांगते.

पहिली गोष्ट वेळेची. अकराव्या दिवशी आलेला निरोप माझ्या सोयीचा नव्हता, दुकानाच्या सोयीचा होता. अकरा दिवसांत मी मोठं भांडं एकदाच वापरलं होतं. तेव्हा ठरवलं की तिन्ही भांडी निदान चार-चार वेळा वापरून झाल्यावरच बोलायचं. त्याला साडेपाच आठवडे लागले. ज्या वस्तूचं जड काम आठवड्यातून एकदाच निघतं, तिची पारख पहिल्या आठवड्यात होऊच शकत नाही. कपडा असेल तर दोन-तीन धुण्यांनंतर, पंखा असेल तर एक उन्हाळा गेल्यावर. पहिल्या दिवसाचे पाच स्टार बहुधा खोकं उघडण्याच्या आनंदाचे असतात.

दुसरी गोष्ट, कोण कशाला जबाबदार ते वेगळं करणं. माझं पार्सल दोन दिवस उशिरा आलं आणि खोक्याचा एक कोपरा चेपलेला होता. मिक्सर आत सुखरूप होता. त्या पार्सलचा राग मिक्सरवर काढायचा मोह होतो आणि पुष्कळ जण तो काढतात. एक स्टारचे अभिप्राय उघडून वाचा. त्यातले कितीतरी ‘दोन वेळा आला, घरी कुणी नव्हतं’ अशा तक्रारींचे असतात. पोचवण्याबद्दल आणि विक्रेत्याबद्दल बोलायला बऱ्याच ठिकाणी वेगळी जागा असते. तिथे तो राग काढावा. वस्तूच्या पानावर फक्त वस्तू.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. स्टारचा अर्थ आधी ठरवायचा आणि मग वस्तू बघायची. मी एका कागदावर पाच वाक्यं लिहिली. एक म्हणजे जे काम करायला घेतली ते करत नाही, किंवा धोकादायक आहे. दोन म्हणजे काम करते, पण मला परत घ्यायची वेळ आली तर घेणार नाही. तीन म्हणजे खोक्यावर सांगितलेलं बहुतेक काम करते, एक-दोन गोष्टी खटकतात, या किमतीला ठीक. चार म्हणजे सांगितलेलं सगळं नीट करते, बिनधास्त घ्या. पाच म्हणजे या किमतीत याहून चांगली मी पाहिली नाही. या मापानं तीन म्हणजे नापास नाही आणि पाच म्हणजे ‘तक्रार नाही’ एवढंच नाही. यादी कुणाचीही वेगळी असेल, चालेल. पण ती वस्तूपागणिक बदलता कामा नये.

चौथी गोष्ट वजनाची. वस्तू एकाच कामाची क्वचित असते, आणि सगळी कामं आपल्या घरात सारखी होत नाहीत. माझा मिक्सर पाचशे वॉटचा, तीन भांड्यांचा. रोजचं काम म्हणजे कूट, चटणी आणि वाटण. ते तो चोख करतो. लहान भांड्यात पाव वाटी ओलं खोबरं आणि दोन मिरच्या टाकल्या तरी पातं त्यांना पकडतं. पुष्कळ मिक्सर इथेच फसतात, थोडं साहित्य घातलं की ते भांड्याच्या कडेला चिकटून बसतं. रोजच्या कामाला चार. आठवड्याचं जड काम म्हणजे इडलीचं पीठ. भिजवलेली पाव किलो उडदाची डाळ एका दमात वाटायला गेले तर चौथ्या-पाचव्या मिनिटाला मोटर तापल्याचा वास येतो. एकदा तर तो बंदच पडला आणि तळाचं लाल बटण दाबून सुरू करावा लागला. ते बटण म्हणजे बिघाड नव्हे, मोटर जळू नये म्हणून केलेली सोय आहे, आणि पुस्तिकेतही पाच मिनिटं चालवून दोन मिनिटं थांबा असं लिहिलेलं होतं. माझी घाई ही मिक्सरची चूक नाही. पण दोन हप्त्यांतही पीठ हवं तितकं गुळगुळीत होत नाही, ही मात्र त्याचीच उणीव. जड कामाला दोन.

उरला आवाज. मोठा आवाज असणं हा मिक्सरचा स्वभाव आहे, त्याबद्दल मी स्टार कापला नसता. पण खोक्यावर ठळक अक्षरात ‘कमी आवाज’ असं छापलंय, आणि सकाळी सातला कूट करताना सासूबाई आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवतात. जे वचन दिलंच नव्हतं त्यासाठी वस्तूला दोष देऊ नये आणि जे दिलं ते मोडलं तर सोडू नये. आवाजाला दोन.

रोजच्या कामाला मी निम्मं वजन दिलं, जड कामाला पाव आणि आवाजाला पाव. चारचा निम्मा दोन, दोनचा पाव अर्धा, आणखी एक अर्धा. बेरीज तीन. माझ्या अंगठ्याला अकराव्या दिवशीच जे वाटलं होतं ते बरोबर निघालं, पण आता ते कुणाला पटवून देता येणार होतं. एक अपवाद मात्र या बेरजेत बसत नाही. विजेचा झटका बसणं, पातं निसटणं, प्लास्टिक वितळणं असं काही झालं तर वजन-बिजन काढत बसायचं नाही. तिथे सरळ एक स्टार आणि पहिल्याच ओळीत कारण.

स्टार मागे, शब्द पुढे

स्टार दाबून झाल्यावर खाली एक रिकामी चौकट येते आणि बहुतेक जण ती मोकळी सोडतात. मध्यम वस्तूच्या बाबतीत मात्र खरं काम तिथेच असतं. पाच स्टारचा अर्थ शब्दांवाचून कळतो. नुसत्या तीन स्टारचा अर्थ कुणालाच कळत नाही. वस्तू सगळीच सुमार आहे, की अर्धी उत्तम आणि अर्धी वाईट आहे? माझं लिखाण असं झालं:

‘साडेपाच आठवडे वापरल्यावर लिहितेय. घरात पाच माणसं. कूट, चटणी, वाटण रोज होतं, ते उत्तम. अगदी थोडं साहित्यही नीट बारीक होतं. इडली-डोशाचं पीठ मात्र दोन हप्त्यांत वाटावं लागतं आणि तरी थोडं रवाळ राहतं. खोक्यावर कमी आवाज लिहिलंय, तसा अनुभव नाही. दोन-तीन माणसांच्या घराला चांगला. आठवड्याला अर्धा किलो डाळ वाटणार असाल तर जास्त वॉटचा घ्या.’

यात मिक्सरचं कौतुक नाही की उद्धार नाही. वाचणाऱ्याला स्वतःचं घर त्यात ताडून पाहता येतं, एवढंच.

इथे काही जण म्हणतात, ‘पानावर ४.२ दिसतंय, ते खोटं आहे. मी तीन दिले तर काय हलणार? एकच देतो, म्हणजे सरासरी तरी खाली येईल.’ हिशेब करून बघा. शंभर रेटिंगची सरासरी ४.२ असताना तुम्ही तीन दिले तर ती ४.१९ होते. एक दिला तर ४.१७. खोटं बोलून कमावलं काय, तर एका स्टारचा पन्नासावा भाग. शिवाय काही मोठी विक्रीस्थळं आता साधी सरासरी दाखवतच नाहीत. रेटिंग किती ताजं आहे, देणाऱ्यानं वस्तू खरंच तिथून घेतली का, असं बघून ती प्रत्येक रेटिंगला कमी-जास्त वजन देतात. म्हणजे तेवढ्या पन्नासाव्या भागाचीही खात्री नाही. आणि जे वाचणार, त्यांना तुमच्या एक स्टारच्या रागाखाली दडलेली खरी माहिती दिसणारच नाही. ते तुम्हाला चिडखोर समजून पुढे जातील.

हे सगळं वस्तूंबद्दल झालं. माणसांना हेच माप लावताना थांबावं लागतं. रिक्षा, टॅक्सी, घरपोच जेवण यांत स्टार मिळतात ते माणसाला, आणि तिथली पट्टी मधून सुरू होत नाही. काही वर्षांपूर्वी अमेरिकेत बाहेर आलेल्या उबरच्या अंतर्गत कागदपत्रांत ४.६ च्या खाली गेलेल्या चालकांचं काम धोक्यात येत असल्याचं दिसलं होतं. जिथे ४.६ हा कडेलोट आहे तिथे माझ्या कागदावरचा ‘तीन म्हणजे ठीक’ हा अर्थ चालत नाही. मी तो प्रामाणिकपणे दिला तरी समोर पोचताना तो ‘या माणसाला काढा’ असा पोचतो. अशा ठिकाणी काम नीट झालं तर पाच द्यावेत आणि खटकलेली गोष्ट शब्दांत लिहावी. पट्टी ज्या भाषेत वाचली जाते त्या भाषेतच तिच्याशी बोलावं लागतं. मिक्सरला मात्र पोट नसतं. त्याला तीन देताना हात आखडायचं कारण नाही.

एक मर्यादाही मान्य करायला हवी. माझ्या घरी आला तो एकच नग. तो शुक्रवारी संध्याकाळी घाईत जोडलेला असेल किंवा सगळ्यांत उत्तम निघालेला असेल, मला ते कळायचा मार्ग नाही. माझा तीनचा आकडा म्हणजे मिक्सरची परीक्षा नव्हे, एका घराची साक्ष आहे. अशा साक्षी पुष्कळ जमल्या तरच त्यातून काही कळतं, आणि त्या जमत नाहीत, कारण माझ्यासारखे शेकडो जण फोन उपडा ठेवतात.

काकूंनी शेवटी तोच मिक्सर घेतला. महिनाभरानं जिन्यात पुन्हा भेटल्या. ‘अगं, छान निघाला की! मी चार स्टार दिले. तू तीन दिलेस म्हणे?’ मी म्हटलं, ‘तुमच्याकडे इडल्या होत नाहीत ना काकू.’ त्या हसल्या. ‘तेच लिहिलंय मी खाली, दोन माणसांसाठी म्हणून.’